अंथरुणाला खिळलेल्या आईची हयात पडताळणी: कार्यालयाला लिहायच्या पत्रात नेमके काय मागावे

प्रश्न: माझी आई सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली. तिचे वय ७४ आहे. जूनमध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे आणि ती अंथरुणावरच असते. माणसे ओळखते, बोललेले समजते, पण सही करता येत नाही. तिची पेन्शन जिल्हा कोषागारामार्फत बँकेत जमा होते. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या यादीवर सही करायला तिला शाखेत नेणे शक्य नाही. मोबाइलवर चेहऱ्याची पडताळणी करून पाहिली, पण ती होत नाही. बोटांचे ठसेही जुळत नाहीत. फेब्रुवारीपर्यंत ती खुर्चीत बसू लागेल असे डॉक्टर म्हणतात. म्हणून पेन्शन कार्यालयाला 'पडताळणी फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलावी' असे पत्र लिहून ठेवले आहे. ते पाठवू का?

उत्तर: ते पत्र आहे तसे पाठवू नका. तुमची अडचण खरी आहे आणि तिच्यावर मार्गही आहे. पण तुम्ही जे मागत आहात ते देणे त्या कार्यालयाच्या हातात जवळजवळ नसते, आणि जे त्यांच्या हातात आहे ते तुमच्या पत्रात कुठेही मागितलेले नाही.

हे समजण्यासाठी नोव्हेंबरमध्ये कागद कसा फिरतो ते पाहावे लागेल. राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांची बँकेच्या शाखेनुसार तयार केलेली हयात यादी कोषागाराकडून त्या त्या शाखेला पाठवली जाते. निवृत्तिवेतनधारक शाखेत जाऊन आपल्या नावासमोर सही करतो किंवा अंगठा उमटवतो, शाखेचा अधिकारी ती ओळख साक्षांकित करतो, आणि महिना संपल्यावर ती यादी कोषागारात परत जाते. तिथे निवृत्तिवेतन शाखेतला लिपिक यादी पाहून ज्यांच्या नावासमोरची जागा कोरी आहे त्यांचे प्रदान पुढच्या देयकातून थांबवतो. कोऱ्या जागेमागे आजारपण आहे, परगाव आहे की मृत्यू आहे, हे त्याला त्या कागदावरून कळत नाही, आणि कळावे अशी रचनाही नाही. अशा वेळी फाइलमध्ये तुमचे 'फेब्रुवारीपर्यंत मुदत द्यावी' असे पत्र असले, तरी त्याच्या आधारावर तीन महिने रक्कम सोडत राहण्याची जबाबदारी तो लिपिक किंवा त्याचा अधिकारी घेणार नाही. लेखापरीक्षणात पहिला प्रश्न हाच येतो, की हयातीचा पुरावा नसताना प्रदान कशाच्या आधारे केले. त्यामुळे मुदतवाढीच्या पत्रावर बहुधा नकारही येत नाही. पत्र फाइलला लागते, पेन्शन थांबते, आणि आपण कळवले होते तरी असे का झाले या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी सापडत नाही.

मुदत मागण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो तुम्हाला स्पष्ट सांगायला हवा. पक्षाघातानंतरची सुधारणा डॉक्टरांच्या अंदाजाबरहुकूम होतेच असे नाही. फेब्रुवारीत आई खुर्चीत बसू लागली नाही तर तुम्ही पुन्हा याच जागी उभे असाल, आणि मधल्या काळात औषधे, फिजिओथेरपी आणि सेवेला ठेवलेल्या बाईंचा पगार थांबलेल्या पेन्शनवाचून भागवावा लागेल.

म्हणून पत्रात तारीख पुढे मागू नका. पडताळणी नोव्हेंबरमध्येच, पण घरी येऊन करावी अशी मागणी करा. ही विनवणी नाही, याला आधार आहे. रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी बँकांना काढलेल्या परिपत्रकात ७० वर्षांवरील ग्राहकांना आणि दीर्घ आजार किंवा अपंगत्व वैद्यकीय दाखल्याने सिद्ध झालेल्या ग्राहकांना काही मूलभूत सेवा घरी देण्याचे निर्देश दिले आहेत, आणि त्या सेवांत हयातीचा दाखला घरून स्वीकारणे हे नावानिशी आहे. तुमची आई वयाच्या अटीतही बसते आणि आजाराच्या अटीतही. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांसाठी बँकांना लागू असलेल्या योजनेत तर हे आणखी स्पष्ट आहे: गंभीर आजारामुळे निवृत्तिवेतनधारक येऊ शकत नसल्याचे नोंदणीकृत डॉक्टरांच्या दाखल्यासह शाखेला कळवले, की शाखाप्रमुखाने घरी किंवा रुग्णालयात जाऊन हयातीची नोंद घेण्यासाठी एखादा अधिकारी नेमावा, असे तिथे म्हटले आहे. ती योजना तुमच्या आईला थेट लागू नसली, तरी त्याच बँकेचे त्याच शाखेतले कर्मचारी केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांसाठी हे काम करत असतात, त्यामुळे तुमची मागणी त्यांना अपरिचित वाटणार नाही.

यातून पत्र कोणाला लिहायचे तेही ठरते. यादी नोव्हेंबरमध्ये शाखेत असते आणि घरी येऊ शकणारा माणूसही शाखेचाच असतो. तेव्हा मुख्य पत्र शाखा व्यवस्थापकांना लिहा आणि त्याची प्रत कोषागार अधिकाऱ्यांना, निवृत्तिवेतन शाखेच्या नावे द्या. तुम्ही फक्त कोषागाराला लिहिणार होता. तसे केले तर ते पत्र तिथून बँकेकडे वळवले जाण्यातच नोव्हेंबरचे दिवस निघून जातील. कोषागाराला प्रत द्यायची ती वेगळ्या कारणासाठी: काही कारणाने यादी आईच्या अंगठ्याशिवाय परत गेली, तर ती कोरी जागा पाहणाऱ्यासमोर तुमचे पत्र आणि डॉक्टरांचा दाखला आधीपासून असावा.

आता दाखल्याविषयी, कारण अशी बरीचशी पत्रे दाखल्यावर अडतात. रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड जोडून भागत नाही. त्यावर जूनमध्ये काय झाले ते लिहिलेले असते, आज आई येऊ शकते की नाही हे लिहिलेले नसते. आईवर सध्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांच्या छापील पत्रावर ताजा दाखला घ्या. त्यावर तारीख, सही, शिक्का आणि त्यांचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. क्रमांक नसलेला दाखला परत येण्याची शक्यता फार असते. मजकुरात तीन गोष्टी याव्यात. पहिली, पक्षाघातामुळे शरीराची उजवी बाजू निकामी झाली असून रुग्ण अंथरुणावर आहे आणि बँकेत प्रत्यक्ष येण्यास असमर्थ आहे. 'विश्रांतीचा सल्ला दिला आहे' हे शब्द नकोत, कारण विश्रांती घेणारा माणूस एक दिवस रिक्षाने येऊ शकतो असे वाचणाऱ्याला वाटते. दुसरी, उजव्या हाताने सही करता येत नाही, पण डाव्या हाताचा अंगठा उमटवता येतो. तिसरी, आणि ही बहुतेक जण विसरतात, रुग्ण शुद्धीवर आहे आणि विचारलेले तिला समजते. या एका वाक्यामुळे घरी येणारा अधिकारी निश्चिंत मनाने येतो, कारण जो अंगठा तो साक्षांकित करणार आहे तो समजून उमटवलेला आहे याची त्याला खात्री हवी असते.

आईचे नाव दाखल्यावर, आधार कार्डावर आणि निवृत्तिवेतन प्रदान आदेशावर, म्हणजे आपण ज्याला पीपीओ म्हणतो त्यावर, एकसारखे आहे का ते डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी पाहून घ्या. परिचारिकांच्या बाबतीत नोकरी माहेरच्या नावाने सुरू झालेली आणि आधार सासरच्या नावाचे, असे पुष्कळदा आढळते. दाखल्यावर पीपीओतलेच नाव यावे. आधारवर वेगळे असेल तर पत्रात एका ओळीत 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे लिहून त्याचा उपलब्ध पुरावा जोडावा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डॉक्टरांचा हा दाखला हयातीचा दाखला नव्हे. तो फक्त अधिकाऱ्याला घरी बोलावण्याचे कारण आहे. दाखला दिला म्हणजे काम झाले असे समजून घरचे लोक निर्धास्त बसतात आणि डिसेंबरचे पासबुक पाहून चक्रावतात. हयातीची नोंद अधिकाऱ्याने आईला प्रत्यक्ष पाहिल्यावरच होते.

पुढे दिलेला नमुना तुमच्याच परिस्थितीला धरून लिहिला आहे. कंसातल्या जागी तुमचा तपशील भरा, बाकी शब्द शक्यतो तसेच ठेवा.

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे व शाखेचे नाव)

विषय: निवृत्तिवेतनधारक श्रीमती (पीपीओनुसार पूर्ण नाव), पीपीओ क्रमांक (क्रमांक), बचत खाते क्रमांक (क्रमांक), यांची नोव्हेंबर (वर्ष) मधील हयात पडताळणी निवासस्थानी येऊन करण्याबाबत.

महोदय,

माझी आई श्रीमती (पूर्ण नाव), वय ७४ वर्षे, या शासकीय रुग्णालयातून परिचारिका पदावरून सेवानिवृत्त झाल्या असून त्यांचे निवृत्तिवेतन जिल्हा कोषागार कार्यालयामार्फत आपल्या शाखेतील वरील खात्यात जमा होते.

जून (वर्ष) मध्ये पक्षाघात झाल्याने त्यांच्या शरीराची उजवी बाजू निकामी झाली असून त्या पूर्णपणे अंथरुणावर आहेत. त्या शाखेत उपस्थित राहू शकत नाहीत आणि त्यांना सही करता येत नाही. मात्र त्या शुद्धीवर असून डाव्या हाताचा अंगठा उमटवू शकतात. याबाबतचा डॉ. (नाव), नोंदणी क्रमांक (क्रमांक), यांचा दिनांक (दिनांक) रोजीचा दाखला सोबत जोडला आहे. बोटांच्या ठशांद्वारे व चेहऱ्याद्वारे डिजिटल हयात प्रमाणपत्र काढण्याचा प्रयत्न केला असता पडताळणी यशस्वी झाली नाही.

तरी, रिझर्व्ह बँकेच्या दिनांक ९ नोव्हेंबर २०१७ च्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या परिपत्रकास अनुसरून, आपल्या शाखेतील अधिकाऱ्याची नेमणूक करून त्यांनी पुढील पत्त्यावर येऊन हयात यादीवर आईच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यावा व तो साक्षांकित करावा, ही विनंती. पत्ता: (पूर्ण पत्ता, जवळची खूण). सकाळी १० ते दुपारी १२ या वेळेत त्या जाग्या असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातील कोणताही कामाचा दिवस आम्हांला चालेल. भेटीच्या वेळी मी स्वतः घरी उपस्थित राहीन. माझा भ्रमणध्वनी क्रमांक (क्रमांक).

या पत्राची पोच मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)
(मुलाचे पूर्ण नाव)
श्रीमती (आईचे नाव) यांच्याकरिता
(आईच्या डाव्या अंगठ्याचा ठसा)

सोबत: वैद्यकीय दाखला, पीपीओची प्रत, आधार कार्डाची प्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत.

प्रत: मा. कोषागार अधिकारी, जिल्हा कोषागार कार्यालय (निवृत्तिवेतन शाखा), यांना माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी सविनय सादर.

या पत्रातल्या काही शब्दांमागे कारण आहे. विषयाच्या ओळीतच पीपीओ क्रमांक आणि खाते क्रमांक घातला आहे, कारण कोषागारात फाइल नावावरून नव्हे तर पीपीओ क्रमांकावरून निघते. तो क्रमांक आत कुठेतरी चौथ्या परिच्छेदात असला तर पत्र बाजूला पडते. 'अधिकारी' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. घरपोच सेवेची विनंती ॲपवर किंवा फोनवर नोंदवली की बँका बहुधा बाहेरच्या संस्थेचा प्रतिनिधी पाठवतात. त्याच्याजवळ बोटांचे ठसे घेणारे यंत्र असते आणि तो डिजिटल प्रमाणपत्र काढायला आलेला असतो. तुमच्या आईचे ठसे जुळत नसल्यामुळे तो शुल्क घेऊन रिकाम्या हाताने परत जाईल. कागदी यादीवर अंगठा साक्षांकित करण्याचा अधिकार त्याला नसतो. तो शाखेच्या अधिकाऱ्याला असतो. म्हणून कोण हवे आहे हे पत्रात निःसंदिग्ध असले पाहिजे. सकाळची वेळ लिहिली आहे ती तुमच्या आईची खरी जागृतीची वेळ पाहून बदला. फिजिओथेरपीनंतर किंवा औषधाच्या गुंगीत असताना अधिकारी आला तर त्याला उठवून विचारावे लागते, आणि आई गोंधळली तर तो न लिहिताच परत जाऊ शकतो.

पत्र ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वतः शाखेत नेऊन द्या. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या, आणि ज्यांच्याकडे निवृत्तिवेतनाचे काम आहे त्या कर्मचाऱ्याला भेटून यादी आली की फोन करायला सांगा. यादीत आईचे नाव आहे का, हेही त्याच वेळी पाहायला सांगावे. खाते मध्यंतरी दुसऱ्या शाखेत वळवले असेल तर नाव जुन्या शाखेच्या यादीत राहते, आणि तुमच्या शाखेतला अधिकारी तुमच्या घरी येऊनही त्याच्या हातातल्या कागदावर आईची ओळच नसते.

भेटीच्या दिवशी मूळ पीपीओ, मूळ आधार कार्ड आणि पासबुक पलंगाशेजारी काढून ठेवा. ठशाची शाई शाखेतून येईलच, तरी एक शाईचा पॅड घरी असू द्या. पक्षाघातानंतर निरोगी बाजूचा हातही अशक्त असतो, त्यामुळे आधी साध्या कागदावर एकदोनदा अंगठा उमटवून पाहा आणि मगच यादी पुढे घ्या. रेषा न दिसणारा नुसता काळा डाग उमटला तर त्याचा उपयोग नाही. अंगठा हलका शाईत टेकवून एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे एकदाच फिरवला की रेषा स्वच्छ येतात. दाबून धरला की शाई पसरते. आईचा हात तुम्ही आधाराला धरलात तरी चालेल, मात्र अधिकाऱ्याने आईला नाव विचारून, हे कशासाठी आहे ते सांगून झाल्यावर. ठशाखाली 'डाव्या हाताचा अंगठा' असे लिहून घ्या. साक्षीदार म्हणून दोन व्यक्ती घ्या, त्यांत एक बँकेचा अधिकारी आणि दुसरी घराबाहेरची, शेजारची किंवा नेहमी येणारे डॉक्टर. आजारी निवृत्तिवेतनधारकाने पैसे काढताना अंगठा उमटवल्यास दोन स्वतंत्र साक्षीदार असावेत आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार कर्मचारी असावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. हयातीच्या यादीसाठी तो लिहिलेला नसला तरी तीच पद्धत पाळली तर पुढे कोणी शंका घेऊ शकत नाही. मुलाने स्वतः साक्षीदार होऊ नये, कारण पेन्शन चालू राहण्यात त्याचा हितसंबंध आहे असे मानले जाते.

इथे एका गोष्टीविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. घाईच्या दिवसांत घरातले कोणीतरी 'आईची सही तूच कर, कोण बघतो' असे सुचवते. ते करू नका. आईच्या जुन्या सहीचा नमुना शाखेत आहे, आणि उजवी बाजू गेलेल्या बाईची सही पूर्वीसारखीच वळणदार आली तर ती पाहणाऱ्याला लगेच खटकते. आई हयात असताना, रक्कम तिच्या हक्काची असताना, केवळ या एका सहीने प्रकरण बनावट कागदाचे होते. झोपेत किंवा बेशुद्धीत तिचा अंगठा उमटवून घेणेही तसेच आहे. आईने तुम्हाला कुलमुखत्यारपत्र दिलेले असले तरी ते इथे चालत नाही, कारण माणूस हयात असल्याची खूण दुसरा कोणी देऊ शकत नाही.

अधिकारी अंगठा घेऊन गेला की त्याच दिवशी हयात नोंद झाल्याची पोच मागा. निवृत्तिवेतनधारकाने हयातीचा दाखला दिल्यावर बँकेने सहीची पोच द्यावी असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेलेच आहे. पोच नसली आणि कागद गहाळ झाला, तर हयातीची नोंद दिली होती हे सिद्ध करायचे काम तुमच्यावर येते.

आता शाखेकडून कोणीच आले नाही तर काय करावे? नोव्हेंबरचा दुसरा आठवडा संपेपर्यंत वाट पाहा, त्यापुढे नाही. सव्वीस-सत्तावीस तारखेला शाखेत रांगा असतात आणि कर्मचारी कमी पडतात. पंधरा तारखेच्या सुमारास पोच घेतलेली प्रत घेऊन व्यवस्थापकांना भेटा आणि नकार असेल तर तो लेखी मागा. लेखी नकार मागितला की बहुधा माणूस पाठवण्याची तारीख मिळते. तेही झाले नाही तर कोषागाराच्या निवृत्तिवेतन शाखेत जाऊन विहित नमुन्यातला हयातीचा दाखला राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीने चालेल का ते विचारा आणि कोणाची सही मान्य होईल ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. असा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यानेही आईला प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. ओळखीच्या साहेबांनी कचेरीत बसून केलेली सही आईलाही अडचणीत आणते आणि त्यांनाही.

डिजिटल मार्ग तुम्ही करून पाहिला हे बरे झाले, पण तो पूर्णपणे सोडण्याआधी एकदा नीट परिस्थितीत करून पाहावा असे मला वाटते. जीवन प्रमाण ही व्यवस्था नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि चेहऱ्यावरून पडताळणीची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. चेहऱ्याची पडताळणी करताना समोरचा माणूस जिवंत आहे, छायाचित्र नाही, हे ताडण्यासाठी ॲप डोळ्यांची उघडझाप टिपते. आडव्या पडलेल्या माणसाचा चेहरा तिरका येतो, वरच्या दिव्यामुळे डोळ्यांत सावली पडते, आणि पक्षाघातात एक पापणी अर्धवट मिटलेली राहत असेल तर उघडझाप नोंदलीच जात नाही. आईला उशांच्या आधाराने थोडे उठवून, खिडकीचा उजेड समोरून येईल असे करून, फोन तिच्या चेहऱ्याच्या अगदी समोर उभा धरून सकाळी पाहा. तरीही जमले नाही तर बुबुळांवरून पडताळणी करणारे यंत्र असलेल्या केंद्राची चौकशी करा आणि ते यंत्र घरी आणता येईल का ते विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनही घरी येऊन ७० रुपयांत डिजिटल प्रमाणपत्र काढून देतो, पण त्याला बोलावण्यापूर्वी ठसे जुळत नसल्याचे सांगा, म्हणजे त्याची आणि तुमची फेरी वाया जाणार नाही.

डिजिटल पडताळणी यशस्वी झाली तर मोबाइलवर प्रमाण क्रमांक येतो. तो आला म्हणजे प्रमाणपत्र तयार झाले. कोषागाराने ते स्वीकारले असे नाही. अर्ज भरताना निवृत्तिवेतन देणारे कार्यालय म्हणून बँकेचे नाव निवडले गेले, किंवा पीपीओ क्रमांकात एक अंक चुकला, तर प्रमाणपत्र भलत्याच ठिकाणी पडून राहते किंवा नाकारले जाते. तुमच्या आईच्या बाबतीत कोषागाराची निवड अचूक हवी, आणि आठवडाभराने jeevanpramaan.gov.in या संकेतस्थळावर त्याची स्थिती पाहायला हवी. ते स्वीकारले गेल्याचे दिसेपर्यंत शाखेला दिलेले पत्र मागे घेऊ नका.

एवढे करूनही एखाद्या महिन्याची पेन्शन जमा झाली नाही तर घाबरून जाऊ नका. हयातीच्या नोंदीअभावी थांबलेले निवृत्तिवेतन रद्द झालेले नसते. नोंद पोचली की ते थकबाकीसह पुन्हा सुरू होते. फक्त ते आपोआप होईल या भरवशावर राहू नका. साक्षांकित यादीच्या ओळीची किंवा दाखल्याची प्रत, शाखेची पोच आणि ऑक्टोबरच्या पत्राची पोच जोडून कोषागार अधिकाऱ्यांना दुसरे छोटे पत्र द्या. त्यात पीपीओ क्रमांक, कोणत्या महिन्यापासून रक्कम जमा झालेली नाही, हयातीची नोंद कोणत्या तारखेला झाली, आणि 'निवृत्तिवेतन पूर्ववत सुरू करून मधल्या काळाची थकबाकी पुढील देयकात अदा करावी' एवढेच लिहा. थकबाकीचा उल्लेख आवर्जून करा, नाहीतर चालू महिना सुरू होतो आणि मागची रक्कम पाठपुरावा करीपर्यंत पडून राहते.